आठ मिनिटं, एक वाक्य आणि बत्तीस माश्या

विज्ञान दिन 28 फेब्रुवारीला असतो, पण त्याचा त्रास महिन्याच्या 10 तारखेपासून सुरू होतो. रामन परिणामाचा शोध 1928 साली याच तारखेला लागला, म्हणून हा दिवस. त्या दिवशी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेच्या दारात शाळांच्या बसेस उभ्या नव्हत्या, हे भारतीय विज्ञानाचं नशीबच म्हणायचं. आमच्याकडे मात्र पुण्याच्या आसपासच्या शाळांतून मुलं येतात, संस्थेची सगळी दारं उघडतात आणि जागोजागी ‘हात लावू नये’ अशा पाट्या लागतात. त्यामुळे हात नेमका कुठे लावायचा ते मुलांना चटकन कळतं.

यंदाच्या परिपत्रकात एक नवं कलम होतं. ‘प्रत्येक प्रयोगशाळेने आपला कोणताही एक प्रयोग एकाच वाक्यात, सोप्या मराठीत सांगावा. प्रत्येक गटास आठ मिनिटे मिळतील.’ आठ मिनिटांचं कोणाला काही वाटलं नाही. सगळे अडकले ते ‘एकाच वाक्यात’पाशी.

मी या प्रयोगशाळेत शोध लावायला नाही, व्यवस्था बघायला आहे. काचेच्या नळ्या, कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर, बिलं, कोणाचा ब्रश कोणी पळवला याची चौकशी आणि माश्यांचं जेवण, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे फलकही माझ्याकडेच आला. आमच्या माश्या म्हणजे पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणारी ती तांबड्या डोळ्यांची बारीक चिलटं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. अंगाने जेमतेम तीन मिलिमीटर, वजन एक मिलिग्रॅमच्या आसपास. आमचे सर कित्येक वर्षं या चिलटांच्या झोपेचा अभ्यास करतात, आणि त्यांच्या हाताखालचे संशोधक विद्यार्थी त्यापायी स्वतःची झोप घालवतात.

सरांनी पहिलं वाक्य स्वतः लिहून पाठवलं: ‘फळमाशीतील निद्रा-समस्थितीच्या संदर्भात निद्रावंचनोत्तर प्रतिक्षेपाचे परिमाणात्मक विश्लेषण.’ यात क्रियापदच नाही, असं मी अदबीने सांगितलं. सर म्हणाले, “अहो ताई, पण एकच आहे ना?”

मग आमच्या पोस्टडॉक मॅडमनी ते सोपं केलं. ‘आम्ही माश्यांना रात्रभर जागवतो आणि दुसऱ्या दिवशी त्या जास्त झोपतात का ते बघतो.’ मला हे एकदम पसंत पडलं. शेजारपाजारी सांगता येईल असं काम आपल्या प्रयोगशाळेत चालतं, हे मला पहिल्यांदाच कळत होतं. पण हे वाक्य गटाच्या साप्ताहिक बैठकीत ठेवलं गेलं, आणि कोणतंही धडधाकट वाक्य अशा बैठकीतून धडपणे बाहेर येत नाही. एक विद्यार्थी म्हणाला, “नुसतं ‘माश्यांना’ कसं? आपण फक्त नर घेतो.” दुसरीने वयाचा मुद्दा काढला, कारण नुकत्याच जन्मलेल्या माश्या जास्त झोपतात आणि म्हाताऱ्या माश्यांची झोप तुकड्यातुकड्यांची असते. तिसऱ्याला ‘झोपतात’ या क्रियापदाबद्दलच शंका होती. सर प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होते. संध्याकाळी माझ्या हातात आलं ते असं:

‘आम्ही तीन ते पाच दिवस वयाच्या, एकेकट्या ठेवलेल्या नर माश्यांना काळोखाच्या बारा तासांत अनियमित अंतराने हादरे देऊन सलग पाच मिनिटे निश्चल राहू देत नाही आणि उजाडल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत त्यांच्या अशा निश्चल काळाची बेरीज त्याच माश्यांच्या आदल्या दिवसाच्या बेरजेपेक्षा किती अधिक भरते ते, तितकेच हादरे दिवसा दिलेल्या माश्यांशी तुलना करून, मोजतो.’

हे घेऊन मी फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याने फलकाचं माप बघितलं, वाक्य बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “ताई, चार बाय दीडमध्ये एवढं बसणार नाही. बसवलं तर मुंग्या दिसतील.” एवढं म्हणून तो कीबोर्डवर वाकला आणि माझ्यासमोर वाक्याचे हातपाय छाटायला लागला. वय गेलं, नर गेले, हादरे गेले, तुलना गेली. बैठकीत दोन तासांत जे चढलं होतं ते दहा मिनिटांत उतरलं. शेवटी मॅडमचंच वाक्य बरंचसं परत आलं. फक्त छापताना एक जोडाक्षर पडलं, आणि 28 तारखेला सकाळी आमच्या दारावर ठळक निळ्या अक्षरांत झळकलं: ‘आम्ही माशांना रात्रभर जागवतो आणि दुसऱ्या दिवशी त्या किती झोपतात ते बघतो.’

पहिल्या शाळेची मुलं आत शिरली ती टाक्या शोधत. बरोबरच्या मराठीच्या बाई दारातच थांबल्या, फलक दोनदा वाचला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मासा पुल्लिंगी आहे हो. ‘त्या’ नाही, ‘ते’ हवं.”

टाक्यांऐवजी मुलांना दिसल्या बाटल्या. आमच्या माश्यांच्या खोलीत फळ्यांवर शेकडो नळ्या-बाटल्या असतात, प्रत्येकीच्या तळाशी बोटभर पिवळसर खळ आणि तोंडाला कापसाचा बोळा. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि घट्ट व्हायला अगर, असं ते शिजवायचं. उतरवल्यावर जरा निवू द्यायचं आणि मग बुरशी येऊ नये म्हणून प्रोपिऑनिक आम्ल घालायचं. आम्ल फार गरम असताना घातलं तर त्याचा भपका नाकात जातो, आणि निवायची वाट बघत बसलं तर मिश्रण पातेल्यातच थिजतं. मुलांनी वास घेतला. निम्मी म्हणाली खीर, निम्मी म्हणाली बेकरी. जुन्नरकडच्या एका मुलाने बाटलीला नाक लावून विचारलं, “आमच्या आंब्याला लागते तीच का ही माशी?” ती निराळी. आंब्याची फळमाशी हिच्यापेक्षा चांगली दुप्पट मोठी, आणि ती धडधाकट फळाला भोक पाडून आत अंडी घालते. आमचं चिलट बिचारं आयत्या पिकलेल्या, फुटलेल्या फळावर येतं. मुलाची निराशा झाली. त्याच्या बागेत सापळे लावले आहेत, आणि इथे सरकार माश्यांना जेवण घालतंय, हे त्याला काही पटलं नाही.

सर सूक्ष्मदर्शकापाशी उभे होते. तिथे एक सच्छिद्र पांढरी पट्टी असते, तिच्याखालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाटलीतल्या माश्या तिच्यावर उलट्या केल्या की काही क्षणांत सगळ्या आडव्या. मग बारीक ब्रशने नर इकडे, माद्या तिकडे असं निवडायचं. नराचं पोट शेवटाला काळं आणि बोथट, मादीचं टोकदार आणि पट्ट्यापट्ट्यांचं. मुलांनी पट्टीवर पडलेल्या साठ-सत्तर माश्या बघितल्या आणि खोली एकदम गप्प झाली.

“मेल्या?”

“नाही रे. गुंगी आलीये त्यांना.”

“म्हणजे झोपल्या.”

सर जरा थबकले. आठ मिनिटांपैकी दोन गेली होती आणि वाक्य अजून उच्चारलंही नव्हतं. पण हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता, कारण आमच्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे. झोपलेला प्राणी हलत नाही, आणि गुंगीतलाही हलत नाही. मग फरक काय? सरांनी कापसाने बंद केलेली दुसरी एक नळी उचलली. तिच्यात काचेला चिकटून एक माशी कधीची स्वस्थ होती. नळीवर त्यांनी नखाने टिचकी मारली, माशी चालू लागली. मग पट्टीवर टिचकी मारली. एकही माशी हलली नाही. झोप मोडता येते, ताबडतोब मोडता येते. गुंगी तुमच्या टिचकीला जुमानत नाही, गॅस बंद करून वाट बघावी लागते. म्हणून गुंगीत घालवलेला वेळ आम्ही झोपेत धरत नाही. एवढंच नाही, नळीत माशी भरताना तिला गुंगी दिलेली असते म्हणून त्यानंतरचा अख्खा दिवस मोजणीतून सोडून देतो.

“पण सर,” दोन वेण्यांची एक मुलगी म्हणाली, “ती नळीतली माशी तरी झोपली होती कशावरून? नुसती बसली असेल.”

“डोळे मिटते का ती?” दुसरा.

माशीला पापण्या नसतात. डोळे मिटत नाही, घोरत नाही, कूस बदलत नाही. त्यामुळे माशी झोपते असं म्हणायचं धाडस बराच काळ कोणी केलं नव्हतं, ‘विश्रांती घेते’ म्हणत असत. 2000 साली अमेरिकेतल्या दोन गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही खरीच झोप आहे हे दाखवलं. रीत सोपी होती. माशी एक मिनिट स्वस्थ बसली असताना तिला हलकासा धक्का द्या, ती हलते. दोन मिनिटांनी द्या, हलते. पण पाचेक मिनिटं ती हललीच नसेल, तर मघाच्या हलक्या धक्क्याने तिला काही होत नाही, आता जोरात द्यावा लागतो. म्हणजे ती नुसती बसलेली नाही, जगाकडे तिचं लक्ष उडालं आहे. तेव्हापासून जगभरच्या माश्यांच्या प्रयोगशाळांत हिशोब ठरून गेला: सलग पाच मिनिटं हालचाल नाही, म्हणजे झोप.

हे ऐकून बरोबरच्या एका शिक्षकांनी शेवटच्या रांगेतल्या एका मुलाकडे सूचकपणे बघितलं. तो मुलगा म्हणाला, “सर, मी हलत होतो.”

आता वाक्य. मॅडमनी फलकावरचं वाक्य, जोडाक्षर दुरुस्त करून, मोठ्याने वाचलं आणि मुलांना इन्क्युबेटरपाशी नेलं. आत 25 अंश तापमान, सकाळी आठला दिवा लागतो आणि रात्री आठला विझतो. कप्प्यात एक काळी चौकट, तिच्यात पेन्सिलपेक्षाही बारीक अशा काचेच्या 32 नळ्या आडव्या. एका टोकाला साखर-अगरचा थेंबभर खाऊ आणि मेणाचं बूच, दुसऱ्या टोकाला बोळा, मध्ये एकच माशी. नळीच्या बरोबर मध्यावरून इन्फ्रारेड किरण आरपार जातो. तो आपल्याला दिसत नाही, माशीलाही दिसत नाही. माशी नळीत येरझाऱ्या घालते तेव्हा तो तुटतो, आणि किती वेळा तुटला ते संगणक दर मिनिटाला लिहून ठेवतो. सलग पाच शून्यं आली की झोप. रात्री जागून माशीकडे कोणी बघत बसत नाही. जागरण होतं ते आकड्यांचा घोळ निस्तरताना.

“ती खायला टोकाला गेली आणि खातच बसली तर?” मघाचीच दोन वेण्यांची. ही मुलगी पुढे त्रास देणार, हे मी तेव्हाच ओळखलं.

तर संगणक तिला झोपलेली समजणार. मॅडमनी ते सरळ सांगितलं. किरण मध्यावर आहे, टोकाला काय चाललंय ते त्याला कळत नाही. म्हणून ही यंत्रं झोप खऱ्यापेक्षा थोडी जास्तच दाखवतात. बारकाईने बघायचं असेल तर कॅमेरा लावतात. पण एकाच यंत्रावर आदल्या दिवसाची सकाळ आणि जागरणानंतरची सकाळ यांची तुलना करताना ही चूक दोन्ही बाजूंना सारखी असते, म्हणून चालवून घेतात. चालवून घेताना मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. एखादी माशी रात्रंदिवस झोपलेली दिसायला लागली, की आमच्या विद्यार्थ्यांना आनंद होत नाही, ते नळी बाहेर काढून बघतात. बहुतेक वेळा माशी मेलेली असते. तिच्या रांगेत शून्यं सुरू होतात आणि प्रयोग संपेपर्यंत संपत नाहीत. कधी खाऊ वाळून गेलेला असतो आणि माशी उपाशी असते. अशी माशी मरण्याआधी झोपत तर नाहीच, उलट अन्न शोधत सैरावैरा फिरते. तेव्हा आधी भलतं जागरण आणि मग कायमची शून्यं दिसली, की चूक खाऊत आहे असं समजून माझ्याकडे तक्रार येते.

यापेक्षा गमतीची गोष्ट एका पहाटेच्या नोंदीत सापडली होती. दोन वाजून गेल्यावर ज्या मिनिटाला एक माशी जागी झाली, त्याच मिनिटाला बत्तीसच्या बत्तीस जाग्या झाल्या. विद्यार्थी हरखला, सरांकडे धावला. सरांनी कागद बघितला आणि शांतपणे विचारलं, “रात्री ड्यूटीवर कोण होतं?” माश्या एकमेकींना हाका मारत नाहीत. एखादी गोष्ट सगळ्यांच्या बाबतीत एकाच मिनिटाला घडली, की ती माश्यांची नसते, माणसाची असते. चौकशीअंती निघालं की फेरीवरच्या रखवालदाराने आवाज कसला येतोय म्हणून इन्क्युबेटरचं दार उघडून आत टॉर्च मारला होता. तेव्हापासून दारावर पाटी आहे: ‘आत माश्या झोपल्या आहेत.’ नव्या रखवालदारांचा पहिल्या आठवड्यात आमच्याविषयी काय समज होत असेल, याची कल्पना आहे मला.

आवाज येत होता तो हादऱ्यांच्या यंत्राचा. जागवायच्या माश्यांची चौकट त्यावर बसवतात आणि संगणक रात्रभर तिला गचके देतो. मिनिटाला सरासरी दोन, पण वेळ ठरलेली नाही, कारण ठरलेल्या तालाची माशीला सवय होते. बारा तासांचे हे झाले 1440 गचके. मॅडमनी फळ्यावर एका माशीचा हिशोब मांडला. समजा, ही माशी एरवी रात्रीच्या 720 मिनिटांपैकी 600 मिनिटं झोपते. गचक्यांच्या रात्री ती झोपली 40 मिनिटं. म्हणजे बुडाली 560. आता सकाळी आठला यंत्र बंद. एरवी आठ ते दोनमध्ये ती 150 मिनिटं झोपायची, आज झोपली 260. म्हणजे 110 मिनिटं जास्त.

“560 ची उधारी आणि वसूल फक्त 110?” शेवटच्या रांगेतला, हलत असलेला मुलगा. त्याचं घरचं किराणा दुकान असावं.

बाकीची येत नाही. माशी गेलेली सगळी झोप परत कधीच भरून काढत नाही. पण त्या सकाळी ती झोपते ती गाढ झोपते, मध्ये उठत नाही, आणि तिला उठवायला नेहमीपेक्षा जोराचा धक्का लागतो. थोडी वसुली अशीही होते. ही भरपाई दिसली म्हणून तर शास्त्रज्ञ खात्रीने ‘झोप’ म्हणायला लागले. नुसतं स्वस्थ बसणं हुकलं, तर त्याची भरपाई कोणी कशाला करेल?

इथे तीन हात वर झाले. पहिल्याला माशीला चहा पाजून बघायचा होता. बघून झालं आहे. खाऊत कॅफीन घातलं की माश्यांची झोपही कमी होते. दुसऱ्याने विचारलं, फक्त नरच का? यावर विद्यार्थ्याने उत्साहाने सांगायला सुरुवात केली की मीलन झालेली मादी नळीत अंडी घालते, अळ्या निघतात, त्या वळवळत किरण तोडतात आणि आकडे बिघडतात. शिवाय मीलनात नराकडून मादीच्या शरीरात एक प्रथिन जातं, त्याने तिची दुपारची झोप... एवढ्यात मराठीच्या बाई म्हणाल्या, “चला, तिसरा प्रश्न!” मादीची दुपारची झोप कमी होते आणि ती अंडी घालायच्या मागे लागते, एवढंच त्याला म्हणायचं होतं. बरोबर आलेल्या आयांपैकी दोघींनी नंतर मला बाजूला घेऊन ते पूर्ण ऐकून घेतलं आणि दोघींनाही नवल वाटलं नाही.

तिसरा हात अर्थातच दोन वेण्यांचा.

“सर, रात्रभर कोणी मला गदागदा हलवलं, तर मी दुसऱ्या दिवशी झोपेन. पण ते झोप नाही झाली म्हणून, की अंग दुखतंय म्हणून? तुम्हाला कसं कळणार?”

सरांचा चेहरा असा उजळलेला मी अनुदान मंजूर झालं तेव्हाही पाहिला नव्हता. फ्लेक्सवाल्याने छाटलेला भाग हाच होता: ‘तितकेच हादरे दिवसा दिलेल्या माश्यांशी तुलना करून’. दुसरी एक चौकट घ्यायची, तिलाही 1440 गचके द्यायचे, पण दिवसा. त्या माश्यांचं अंगही तेवढंच खिळखिळं होतं, मात्र रात्री त्यांना झोपू द्यायचं. मग सकाळी आठ ते दोन बघायचं. गचक्यांमुळे थकवा येऊन झोप येत असेल, तर याही माश्या जास्त झोपायला हव्यात. त्या झोपल्या नाहीत, नेहमीइतक्याच झोपल्या, तर दोष गचक्यांचा नाही, जागरणाचा. सर हे सांगताना टाचांवर उंच होत होते. मॅडम घड्याळ दाखवत होत्या. दारात पुढची शाळा येऊन उभी होती आणि तिच्यातलं कोणीतरी मोठ्याने विचारत होतं, मासे कुठेत.

पहिल्या गटाची रांग हलली. मुलगी हलली नाही.

“पण सर, त्या दुपारी झोपतात ना?”

हे खरं आहे. माश्या सकाळी आणि संध्याकाळी हिंडतात, आणि दुपारी नर तर चांगली ताणून देतात. यावर पुण्यात कोणता विनोद करायचा असतो ते वाचकांना ठाऊक आहे, म्हणून मी करत नाही. पण मुलीचा मुद्दा विनोदाचा नव्हता. गचके दिवसभर दिले, तर दुपारची झोप गेली. मग ‘ज्यांची झोप मोडली नाही’ म्हणून ज्या माश्यांशी तुलना करायची, त्यांचीही झोप मोडलेलीच. तुलना लंगडी झाली.

सर विद्यार्थ्याकडे वळले. विद्यार्थ्याचा रंग जरा उडाला. त्याची पाच महिन्यांची नोंद या एका उत्तरावर उभी होती. त्याने खिशातून फोन काढला, काहीतरी उघडलं, वर-खाली केलं.

“सर, साडेअकरा ते साडेतीन यंत्र बंद ठेवलंय. सकाळी आठ ते साडेअकरा आणि दुपारी साडेतीन ते रात्री आठ. मिनिटाला दोनऐवजी तीन गचके. आठ तासांचे तेवढेच होतात, 1440.”

मुलीने बोटांवर गुणाकार करून बघितला. बरोबर आला. मग ती रांगेत गेली.

सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मला हाक मारली. “ताई, हे महत्त्वाचं आहे. साडेअकरा ते साडेतीन. ते वाक्यात यायला हवं.”

“कुठे लिहू? फलकावर जागा नाही.”

“खाली कंस करा.”

मी मार्कर आणला आणि माशांच्या खाली कंस उघडला. पुढच्या शाळेचे शिक्षक माझ्या खांद्यावरून वाचत होते. ते म्हणाले, “मॅडम, मुलांना प्रकल्पवहीत उतरवून घ्यायचंय. एकाच वाक्यात आहे ना?”

“एकाच,” मी म्हटलं. “अजून संपलेलं नाही.”